रात्री अकरालाही छत का तापलेलं असतं?

काल पुण्यात मैत्रिणीच्या वरच्या मजल्यावरच्या घरी गेले होते. रात्री अकरा वाजता पंखा गरम हवा खाली ढकलत होता. दोष पंख्याचा नाही, स्लॅबचा आहे.

काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन शोषतात आणि रात्रभर ती उष्णता सोडतात. म्हणून शहर आसपासच्या गावांपेक्षा उशिरा निवतं.

यावर एक स्वस्त उपाय म्हणजे पांढरं छत. साधं काँक्रीट साधारण ३० टक्के ऊन परतवतं, तर चांगला पांढरा लेप नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास. लेप घेताना डब्यावरचा ‘एसआरआय’, म्हणजे सौर परावर्तन निर्देशांक, बघा. १००च्या जवळ असेल तर उत्तम. आधी भेगा भरा, गच्ची धुऊन कोरडी करा, मगच दोन हात द्या. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवा.

गच्चीवर बाग हवी असेल, तर वजनाचा विचार करा: १० सेंटिमीटर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे जातं. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, वॉटरप्रूफिंग करून घ्या.

पांढरं छत रस्त्यावर सावली देत नाही. तिथे झाडच हवं: ते सावली देतं आणि पानांतून पाणी सोडून हवा गार करतं.