शंकेखोर नातेवाईक आणि टॅरोचं एक पान

सगळे जमले आहेत, जेवणं उरकली आहेत, सतरंजीवर रमीचा डाव पडण्याच्या बेतात आहे. अशा वेळी कोणी टॅरोचे पत्ते बाहेर काढले की काय होतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. काका म्हणतात, ‘हे थोतांड कुठून आणलंस?’ आत्या म्हणते, ‘असलं काही घरात नको गं, उगाच विषाची परीक्षा.’ आणि एखादी वहिनी हळूच जवळ सरकून विचारते, ‘आमच्या पोरीचं लग्न कधी ठरेल, तेवढं बघ ना.’ पहिल्या दोघांना उत्तर देणं सोपं आहे. खरी पंचाईत वहिनींची असते, कारण त्यांचा आधीच विश्वास बसलेला असतो.

म्हणून अशा दहा मिनिटांच्या बोलण्यात पहिलं वाक्य हेच असावं: या पत्त्यांना भविष्य कळत नाही, आणि मीही ते सांगणार नाही. हे एकदा मोकळेपणाने सांगून टाकलं की काकांच्या हातातलं निम्मं हत्यार गळून पडतं. वहिनी थोड्या हिरमुसतात, पण त्याला इलाज नाही.

आत्यांची भीती इतिहासाने बरीच कमी होते. टॅरो मुळात पत्त्यांचा खेळ आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारासारख्या दरबारांत तो खेळला जाई. फ्रान्समध्ये त्याचे डाव आजही पडतात. कॅट ७८ पानांचा. त्यातली ५६ पानं आपल्या ओळखीची आहेत: एक्का ते दश्शी, वर राजा-राणी आणि दोन शिलेदार. बदामाच्या जागी पेले, इस्पिकच्या जागी तलवारी, चौकटच्या जागी नाणी आणि किल्वरच्या जागी काठ्या. उरलेली २२ पानं म्हणजे वरचढ हुकूम. या पत्त्यांत प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान दडलंय, ही कल्पना कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये मांडली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोडून काढणारंही कोणी नव्हतं.

आज बहुतेकांच्या हातात दिसतो तो कॅट १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर वेट यांनी तो योजला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रंगवला. त्याआधीच्या बहुतेक कॅटांत छोट्या पानांवर नुसती चिन्हं मोजून काढलेली असत, आपल्या सत्तीवर सात बदाम असतात तशी. स्मिथबाईंनी बहुतेक पानांवर माणसं आणली, प्रसंग आणला. कोणी झाडाखाली हाताची घडी घालून बसलंय, कोणी अंथरुणात उठून तोंड झाकून घेतलंय. स्वतःशी बोलण्यासाठी टॅरो वापरता येतो तो या चित्रांमुळेच.

पण बोलण्यापेक्षा एक पान करून दाखवावं. आमच्या घरी मावशीपुढे ही वेळ आली होती. पुण्यातलं घर विकून मुलाकडे बंगळुरूला जायचं की नाही, यावर तिचे दिवसच्या दिवस चालले होते. तिचा प्रश्न होता, ‘जाऊ का?’ हा प्रश्न पत्त्यांना विचारायचा नाही, कारण तो हो-नाहीचा आहे, आणि उत्तर मिळालं की माणूस विचार करायचं थांबतो. तो बदलून आम्ही केला, ‘जायचं म्हटलं की माझं मन कुठे अडतं?’ तिने स्वतः पत्ते पिसले आणि एक पान काढलं. तलवारींची छक्की आली.

चित्रात एक नाव आहे. मागे उभा माणूस लांब काठीने ती ढकलतोय. पुढे शालीत गुंडाळलेली बाई आणि शेजारी लहान मूल, दोघंही आपल्याला पाठमोरी. नावेत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. नावेच्या एका बाजूला पाण्यावर लाटा, दुसऱ्या बाजूला पाणी सपाट.

या घडीला पुस्तक उघडून अर्थ वाचायचा मोह होतो. तो टाळायचा. मी एवढंच विचारलं, ‘मावशी, तुला आधी काय दिसतं?’ ती म्हणाली, ‘बाई बसलीय.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘वल्हवतोय तो दुसराच.’ मग तिचं तीच बोलू लागली. घर सोडायचं तिला फारसं दुःख नव्हतंच. तिकडे गेल्यावर भाजीच्या पैशांपासून डॉक्टरकडे जाण्यापर्यंत सगळं दुसऱ्याच्या हातात जाईल, याची तिला धास्ती होती. इतके दिवस ती भिंती, अंगण आणि शेजाऱ्यांबद्दलच बोलत होती. त्या संध्याकाळी तिने मुलाशी बोलायच्या दोन गोष्टी कागदावर लिहिल्या: घराच्या विक्रीचे पैसे माझ्या खात्यात राहतील, आणि घर शोधताना मला बरोबर न्यायचं.

इथे काकांनी नेमका प्रश्न टाकला. ‘दुसरं पान आलं असतं तर?’

तर दुसरं काही बोलणं निघालं असतं, आणि तेही लागू पडलं असतं. टॅरोबद्दल यापेक्षा खरं काही सांगता येणार नाही. पान योगायोगाने येतं. अर्थ लावायची सवय माणसाची. रोजच्या चाकोरीत जिकडे नजर जात नाही, तिकडे एक परकं चित्र ती वळवतं, एवढाच त्याचा उपयोग. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि ‘हा खास तुमचा अहवाल’ म्हणून सगळ्यांच्या हाती एकच मजकूर दिला. त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. मुलांनी त्याला अचूकतेचे पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. काकांनी हा प्रयोग काढला तर वाद घालू नये, मान्य करावं. पान काढून देणाऱ्याने गप्प का बसावं, हे त्यातूनच कळतं. तो बोलू लागला की समोरच्याला सगळंच ‘अगदी माझंच’ वाटणार. बोलायचं ते पान काढणाऱ्याने.

काही ठिकाणी पत्ते काढूच नयेत. आजार, कोर्टकचेरी, परीक्षेचा निकाल या गोष्टी पानांच्या नाहीत. ‘सुनेच्या मनात काय आहे?’ हाही प्रश्न नाही. ते सुनेला विचारावं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर त्या दिवशी कॅट बाहेर काढू नये. तेरावं पान मृत्यूचं आहे, त्यावर घोड्यावर बसलेला सांगाडा आहे, आणि ‘तो बदलाचा अर्थ आहे हो’ असं कितीही सांगितलं तरी आजीला सांगाडाच दिसणार.

गाडी घसरल्याची खूण एकच: मनासारखं पान येईपर्यंत माणूस पुन्हा पुन्हा काढू लागतो. तेव्हा तो कौल मागत असतो. एका प्रश्नाला एक पान, आणि वहीत तारीख, प्रश्न, दिसलं ते आणि करायचं ते, एवढं लिहून कॅट बंद करावा. महिनाभराने वही उघडून ‘करायचं ते’ केलं का, तेवढंच तपासावं. पान खरं ठरलं का, हे बघत बसू नये. आणि पान काढून झाल्यावर कोणी खडा, ताईत किंवा शांत सुचवली, त्याचे पैसे सांगितले, तर सरळ उठून यावं.