उणे पस्तीस टक्के म्हणजे किती पाणी?

मे महिना आला की सोलापूर जिल्ह्याच्या पानावर एक चित्र हमखास छापून येते. लाल रंगाचा खाली लोंबणारा स्तंभ, त्यावर ‘-३४.८३%’, वर मथळा ‘उजनीने गाठला तळ’ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘स्रोत : जलसंपदा विभाग’. आकडा खरा असतो, स्रोतही खरा असतो. तरी वाचणाऱ्याला धरणात नेमके किती पाणी उरले ते कळत नाही. पाणी शून्याच्या खाली जातेच कसे, हा साधा प्रश्न चित्र पाहून सुटत नाही, आणि ‘तळ गाठला’ म्हटल्यावर धरण कोरडे पडले असा समज होतो.

उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७.२ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातले सुमारे ६३.७ टीएमसी ‘मृत साठा’ म्हणून बाजूला ठेवले जातात आणि वरचे ५३.६ टीएमसी ‘उपयुक्त साठा’ धरले जातात. घरच्या पाण्याच्या टाकीला नळ तळापासून चार बोटे वर बसवलेला असतो, तसाच हा प्रकार आहे. नळाखालचे पाणी टाकीत असते, पण ते रोजच्या हिशेबात येत नाही. रोज जाहीर होणारी टक्केवारी फक्त वरच्या ५३.६ टीएमसीची असते. म्हणून उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हा आत तब्बल ६३.७ टीएमसी असतात. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे. उजनीचे ‘शून्य’ त्याच्या दुपटीहून मोठे आहे.

आता समजा, १५ मेच्या सकाळी उजनीत एकूण ४५ टीएमसी पाणी आहे. ६३.७ मधून ४५ वजा केले की १८.७ टीएमसीची तूट दिसते. ही तूट ५३.६ च्या सुमारे ३५ टक्के भरते, म्हणून बातमीत ‘उणे ३५ टक्के’. हेच ४५ टीएमसी कोयनेत असते तर? कोयनेची एकूण क्षमता सुमारे १०५ टीएमसी असून मृत साठा जेमतेम पाच टीएमसी आहे. तिथे हेच पाणी ‘४० टक्के’ म्हणून जाहीर झाले असते. म्हणजे पाणी सारखेच असूनही एका धरणाचा स्तंभ वर जातो आणि दुसऱ्याचा खाली. दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून नुसती टक्केवारी लिहिली तर उजनी आटली आणि कोयनेत मुबलक पाणी आहे, असेच वाचक समजणार. एकही आकडा खोटा न छापता चित्र खोटे ठरते ते असे.

याची दुरुस्ती रंगसंगतीत सापडणार नाही, ती शब्दांत करावी लागते. सुरुवात मथळ्यापासून. ‘तळ गाठला’ ऐवजी ‘उजनीत ४५ टीएमसी पाणी, उपयुक्त पातळीपेक्षा १९ टीएमसी कमी’ असे लिहिले की काय मोजले, किती आहे आणि कशाच्या तुलनेत कमी आहे, हे तिन्ही एका ओळीत येते. त्याखालच्या उपमथळ्यात तारीख आणि वर्ष हवे. चित्रे कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. सोबतची बातमी मागे राहते आणि पानावरची तारीखही जाते. वर्ष नसलेले मे महिन्याचे चित्र पुढच्या मे महिन्यात ताजे म्हणून पुन्हा फिरू लागते. मागच्या वर्षी त्याच तारखेला किती साठा होता हे त्याच ओळीत दिले, तर यंदाची स्थिती नेहमीची आहे की वेगळी, तेही वाचकाला ठरवता येते.

मग येतात चित्रातल्या नोंदी. स्तंभ खाली लोंबवण्यापेक्षा खऱ्या शून्यापासून, म्हणजे धरणाच्या तळापासून, वर काढावा. ४५ वर तो थांबतो. ६३.७ वर एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावरच लिहावे : ‘उपयुक्त साठा येथून वर मोजतात’. ११७.२ वर दुसरी रेघ : ‘पूर्ण क्षमता’. रंगाचा अर्थ सांगणारी चौकट कोपऱ्यात ठेवली की वाचकाची नजर इकडून तिकडे फिरत राहते. नाव त्या त्या रेघेवरच लिहिले तर ती वेळच येत नाही.

रेघेवरच्या शब्दांतही एक मेख आहे. ‘याखालचे पाणी वापरता येत नाही’ असे लिहायचा मोह होतो, पण उजनीच्या बाबतीत ते खरे नाही. साठा उणे असतानाही सोलापूर शहरासाठी भीमेत पाणी सोडले जाते, आणि पातळी फार खाली गेली की जलवाहिनीसाठी दुबार पंपिंग करावे लागते. ती रेघ नियोजनाची आहे, ती कुलूप नाही. उलट बाजूने, ‘४५ टीएमसी शिल्लक’ हेही पूर्ण सत्य नाही, कारण मृत साठ्याच्या आकड्यात तळाशी साचलेला गाळ मिसळलेला असतो. ‘मृत साठ्यात गाळाचाही समावेश’ ही चार शब्दांची तळटीप चित्रात हवीच.

आकडा छापताना ‘-३४.८३’ पेक्षा ‘उणे ३५’ बरे. एवढ्या मोठ्या जलाशयातले पाणी कोणी मापाने मोजत नाही. पाण्याची पातळी पाहून कोष्टकावरून साठा काढतात, त्यामुळे दशांशानंतरचे दोन अंक खरेपणा वाढवत नाहीत, नुसता आव आणतात. पावसाळ्यातला ‘१११ टक्के’ हा आकडाही असाच बुचकळ्यात टाकतो. पूर्ण क्षमतेच्या वर दारांच्या आधाराने आणखी सुमारे सहा टीएमसी पाणी अडवता येते आणि तेव्हा एकूण साठा १२३ टीएमसीच्या आसपास जातो. एवढे वाक्य आकड्याशेजारी असले की ‘छपाईची चूक आहे का’ असे विचारणारे फोन येत नाहीत.

राहिली स्रोताची ओळ. ‘जलसंपदा विभाग’ एवढे लिहिणे म्हणजे पत्त्यात फक्त जिल्हा लिहिण्यासारखे अपुरे आहे. राज्याचा अहवाल मोठे, मध्यम आणि लघु असे सगळे प्रकल्प धरतो. केंद्रीय जल आयोगाचे साप्ताहिक पत्रक निवडक जलाशयांपुरतेच असते. त्यामुळे एकाच दिवशी ‘महाराष्ट्रातील साठा’ म्हणून दोन वृत्तपत्रे दोन वेगळ्या टक्केवाऱ्या देतात आणि दोघेही बरोबर असतात. अहवालाचे नाव, मोजणीची तारीख, कोणते प्रकल्प धरले, टक्केवारी कशावर काढली आणि कोणते गणित वृत्तपत्राने स्वतः केले, इतके या ओळीत आले पाहिजे. आपल्या उदाहरणात ती अशी होईल : ‘स्रोत : जलसंपदा विभाग, दैनिक धरणसाठा अहवाल, १५ मे. टक्केवारी ५३.६ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. तुटीचे गणित आमचे.’ वर्ष अर्थातच त्यात घालायचे.

संपादनाच्या टेबलावर पान सोडण्याआधी हे चित्र बातमीपासून वेगळे काढून, धरणाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला दाखवावे आणि ‘धरणात पाणी किती आहे?’ एवढेच विचारावे. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर मथळा बदलायचा. वाचकांनीही आलेले चित्र पुढे पाठवण्याआधी त्यावर वर्ष, एकक आणि टक्केवारीचा आधार शोधावा. तिन्हींपैकी एकही नसेल तर ते चित्र पुढे पाठवू नये.