पदराची उलटी बाजू दाखवता?

मोबाइलवर स्क्रोल करता करता एक जाहिरात समोर येते. मोरपिशी पैठणी, पदरावर नाचरे मोर, मागावर सराईतपणे फिरणारे हात. ‘थेट विणकराकडून, फक्त १,४९९ रुपये.’ खाली घड्याळ उलटं पळतंय: ऑफर संपायला अकरा मिनिटं.

यातली पैठणी बहुतेक वेळा खरीच असते आणि मला थक्क करते ती हीच गोष्ट. ते हात येवल्यातल्या कुणा खऱ्या विणकराचे असू शकतात. व्हिडिओ त्याच्या पानावरून उचललेला असतो. दुकानदाराकडे मात्र एकही साडी नसली तरी चालतं. तयार साच्यातली वेबसाइट एका संध्याकाळी उभी राहते, जाहिरातीचे पैसे भरले की गिऱ्हाईक येऊ लागतं. ऑर्डर आली की घाऊक बाजारातली पॉलिस्टरची साडी पाकिटात जाते. कधी तीही जात नाही.

ते घड्याळसुद्धा सजावटच! तेच पान ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. पुष्कळदा अकरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, कारण ती ऑफरची वेळ नसून प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने मोजली जाणारी वेळ असते.

आता पदराकडे वळू. पारंपरिक पद्धतीच्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर असतो. मोराचा निळा धागा मोराच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच मागे वळतो. म्हणून पदर उलटा केला तरी मोर जवळजवळ तसाच दिसतो. इतकी कारागिरी करायला साध्या साडीलाही कित्येक आठवडे लागतात, भरजरी पदराला महिने. १,४९९ रुपयांत तेवढ्या दिवसांची मजुरीसुद्धा निघत नाही, मग रेशीम आणि जर दूरच. नकलेत रंगीत धागा मागच्या बाजूने आडवा धावतो, त्यामुळे उलट्या बाजूला मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. हातमागावर जॅकार्ड लावून विणलेल्या पैठणीतही असे धागे असतात, तेव्हा ते दिसले म्हणजे फसवणूकच, असं नाही. पण ज्याच्या हातात साडी आहे तो कोणती वीण आहे हे सांगू शकतो.

म्हणून दुकानदाराला मेसेज करा: ‘या साडीच्या पदराची उलटी बाजू दाखवता का? शेजारी चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहून ठेवा.’ उचललेल्या व्हिडिओतून हे दाखवता येत नाही. साडी जवळ असणाऱ्याला दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली, तर तिथेच थांबावं.

दुकानाचं वयही पाहता येतं. इन्स्टाग्रामवर खात्याच्या नावाशेजारच्या मेनूत ‘About this account’ मध्ये खातं कधी सुरू झालं ते दिसतं, अनेकदा ते कुठल्या देशातून चालतं आणि नाव किती वेळा बदललं हेही. ‘तीन पिढ्यांचं दुकान’ आणि दीड महिन्यापूर्वीचं खातं या दोन्हींचा मेळ लागत नसेल, तर विचारावं. पण जुनं खातं विकतही मिळतं, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो जीएसटी क्रमांक. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्य सांगतात: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात. पुढची दहा म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचा पॅन. www.gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये हा क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव, तारीख आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता समोर येतो. क्रमांक दुसऱ्याचा उचललेला असू शकतो, म्हणून तिथलं नाव आणि यूपीआयने पैसे पाठवताना दिसणारं नाव ताडून पाहावं. छोट्या विणकराकडे जीएसटी नसणं बेकायदेशीर नाही. अशा वेळी पदराची चिठ्ठीच कामी येते.

‘पैसे घरी आल्यावर द्यायचे, मग भीती कसली?’ असं अनेकांना वाटतं. पण कुरिअरवाला सहसा आधी पैसे घेतो आणि मगच पार्सल उघडू देतो. त्याला आत काय आहे हे माहीतच नसतं. ती रक्कम मात्र लगेच विक्रेत्याला मिळत नाही, कुरिअर कंपनीमार्फत बहुधा काही दिवसांनी पोचते. म्हणून पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्यावा, त्यात लेबल आणि शिपमेंट क्रमांक दिसावा, आणि त्याच दिवशी कुरिअर कंपनीला लेखी तक्रार करून रक्कम रोखायची मागणी करावी. रोखतीलच अशी खात्री नाही, पण उशीर केला तर तीही संधी सहसा उरत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर मदत क्रमांक फिरवावा. माल वेगळाच निघाला आणि विक्रेता सापडतोय, पण ऐकत नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.