वीस नगांचा लॉट आणि दोन उत्तरं

गुणवत्ता तपासणीचा एक प्रश्न परीक्षेत नेहमी येतो आणि कारखान्यातही रोज येतो. २० नगांच्या लॉटमध्ये ४ नग सदोष आहेत. त्यातले कोणतेही ५ नग उचलून तपासले. पाचही चांगले निघण्याची शक्यता किती?

बरेच विद्यार्थी आणि काही अनुभवी क्यूसी इंजिनिअरही हे गणित एका ओळीत सोडवतात. ४ भागिले २०, म्हणजे २० टक्के सदोष. नग चांगला असण्याची शक्यता ०.८. पाच नग आहेत म्हणून ०.८ चा पाचवा घात घ्यायचा, उत्तर ०.३२८, म्हणजे सुमारे ३३ टक्के. हे द्विपद वितरणाचं, अर्थात बायनॉमियलचं उत्तर. बारावीच्या पुस्तकात ही रीत शिकवलेली असते, म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

प्रश्न जसा विचारला आहे तसा वाचला, तर हे उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर २८ टक्के. हा फरक कुठून येतो ते पाहण्यासाठी सगळा हिशेब एका ठोस उदाहरणावर मांडू.

समजा, कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीतून पंपाच्या बॉडीची २० स्टील कास्टिंग्ज आली आहेत. बाहेरून सगळी सारखीच दिसतात. आत कुठे ब्लो होल किंवा श्रिंकेज आहे का, हे रेडिओग्राफी केल्याशिवाय कळत नाही, आणि तिला प्रत्येक नगामागे पैसे आणि वेळ दोन्ही लागतात. म्हणून ठरतं असं, की ५ नग तपासायचे आणि एकही सदोष निघाला नाही तरच लॉट घ्यायचा.

पहिला नग उचलताना २० पैकी १६ चांगले आहेत, म्हणजे शक्यता १६/२०. तो चांगला निघाला आणि बाजूला ठेवला. आता लॉटमध्ये १९ नग उरले, त्यातले चांगले १५. सदोष मात्र चारच्या चार आतच आहेत. म्हणून दुसऱ्या नगाची शक्यता १५/१९. तिसऱ्याची १४/१८, चौथ्याची १३/१७, पाचव्याची १२/१६. पहिल्या वेळी ०.८ असलेली शक्यता पाचव्या वेळी ०.७५ वर आलेली असते. या पाचही अपूर्णांकांचा गुणाकार ०.२८२ येतो. उचललेला नग परत न ठेवता केलेल्या निवडीच्या या हिशेबाला हायपरजॉमेट्रिक वितरण म्हणतात.

बायनॉमियल मात्र पाचही वेळा ०.८ च धरतं. तपासलेला नग दर वेळी परत लॉटमध्ये टाकला, ढवळला आणि मग पुढचा उचलला, असं केलं तरच ते खरं ठरेल. कोणताही इन्स्पेक्टर असं करत नाही. एकच कास्टिंग दोनदा रेडिओग्राफीला पाठवण्यात अर्थही नाही.

साडेचार टक्क्यांचा फरक कुणाला किरकोळ वाटेल. म्हणून हेच गृहीतक टोकाला नेऊन पाहू. लॉटमध्ये २० पैकी एकच नग सदोष आहे आणि आपण सगळेच्या सगळे २० नग तपासले. तो सुटण्याची शक्यता किती? शून्य, हे सांगायला गणित लागत नाही. बायनॉमियलला विचारलं, तर ते ०.९५ चा विसावा घात काढून ०.३५८ सांगतं. प्रत्येक नग हातात घेऊन तपासल्यावरही सदोष नग निसटण्याची शक्यता ३६ टक्के! मूळ उदाहरणातही अशीच एक विसंगती आहे. लॉटमध्ये सदोष नग चारच आहेत, तरी उचललेले पाचही नग सदोष निघण्याला बायनॉमियल थोडीशी, पण शून्याहून जास्त शक्यता देतं.

मग बायनॉमियल इतकं वापरलं का जातं? कारण लॉट मोठा असला की हा फरक दिसेनासा होतो. २००० नगांत ४०० सदोष असतील आणि ५ उचलले, तर अचूक उत्तर ०.३२७३ येतं आणि बायनॉमियलचं ०.३२७७. दोन हजारांतून पाच काढल्याने मागचं प्रमाण हलत नाही. नमुना लॉटच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर बायनॉमियल चालतं, असा ठोकताळा त्यामुळेच पडला आहे. आपल्या उदाहरणात नमुना लॉटच्या पंचवीस टक्के आहे, तिथे तो लागू होत नाही.

फरकाचा खरा परिणाम दिसतो तो किती नग तपासायचे हे ठरवताना. ग्राहक म्हणतो, २० पैकी ४ सदोष असलेला लॉट आमच्या गळ्यात पडण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आत हवी. बायनॉमियलने १० नगांना १०.७ टक्के येतात, म्हणून ११ नग तपासावे लागतात. हायपरजॉमेट्रिकने ८ नगांना १०.२ टक्के येतात आणि ९ नगांना ६.८. म्हणजे नऊ पुरतात. दोन नगांची रेडिओग्राफी वाचते आणि ग्राहकाला दिलेला शब्दही पाळला जातो. तपासणीत नग तोडावाच लागत असेल, तर ते दोन नग विकायला शिल्लक राहतात. एकही सदोष नग न खपवून घेणाऱ्या योजनेत बायनॉमियल नेहमी धोका वाढवूनच दाखवतं. त्यामुळे ग्राहक सुरक्षित राहतो, पण त्या सुरक्षिततेचं बिल पुरवठादार विनाकारण भरतो.

हा हिशेब हाताने करायची गरज नाही. एक्सेलमध्ये एक सूत्र पुरतं:

```
=HYPGEOM.DIST(0,5,4,20,FALSE)
```

शून्य सदोष सापडणे, नमुना ५, लॉटमधले सदोष ४, लॉट २०, असा त्याचा क्रम. उत्तर ०.२८१७.

लॉटचा आकार महत्त्वाचा आहे हे पटलं, की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘लॉटच्या दहा टक्के तपासा’ असा नियम करून मोकळे होतात. हा नियम मला बायनॉमियलच्या चुकीपेक्षा जास्त धोकादायक वाटतो. २० नगांच्या लॉटचे दहा टक्के म्हणजे २ नग. त्यात ४ सदोष असले तरी लॉट पास होण्याची शक्यता ६३ टक्के राहते. २०० नगांच्या लॉटमध्ये सदोष माल तितकाच, म्हणजे वीस टक्के असेल आणि त्याच नियमाने २० नग तपासले, तर लॉट निसटण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास येते. नियम तोच असूनही लहान लॉट घेणाऱ्या ग्राहकाला जवळजवळ काहीच संरक्षण मिळत नाही. संरक्षण मुख्यतः तपासलेल्या नगांच्या संख्येतून मिळतं. लॉटचा आकार त्यात दुरुस्ती करतो, आणि लॉट लहान असेल तर ती दुरुस्ती मोठी असते.

आता या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग. लॉट लहान असून आणि नग परत न ठेवताही काही वेळा बायनॉमियलच तंतोतंत बरोबर असतं.

प्रश्न जरा बदलू. लॉटमध्ये ४ सदोष आहेत असं कुणी सांगितलेलं नाही. सांगितलंय ते इतकंच, की या फाउंड्रीत ओतलेला प्रत्येक नग सदोष निघण्याची शक्यता २० टक्के आहे आणि एका नगाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. अशा प्रक्रियेतून निघालेल्या २० नगांत सदोष कधी २ असतील, कधी ७. त्यातले कोणतेही ५ उचलले तरी ते त्या प्रक्रियेचेच पाच नग आहेत, लॉटचा आकार त्यांना माहीत नसतो. पाचही चांगले असण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, आणि इथे ते अंदाजे उत्तर नाही, अचूक आहे.

दोन्ही प्रश्नांतला फरक उरलेल्या मालाकडे पाहिलं की कळतो. पाच नग चांगले निघाले. पहिल्या प्रश्नात चारही सदोष नग उरलेल्या १५ मध्ये अडकले आहेत हे नक्की. दुसऱ्या प्रश्नात उरलेल्या १५ मध्ये सरासरी ३ सदोष असणार, पाच तपासण्याआधी जितके अपेक्षित होते तितकेच. प्रक्रियेचा दर स्थिर आणि माहीत असेल, तर तपासलेले नग न तपासलेल्यांबद्दल काहीच सांगत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ ए. एम. मूड यांनी १९४३ मध्ये हे दाखवून दिलं. पहिल्यांदा ऐकताना ते पटत नाही, पण गणित स्वच्छ आहे.

म्हणून वितरण निवडण्याआधी प्रश्न कशाबद्दल आहे ते ठरवायला हवं, समोरच्या या लॉटबद्दल की लॉट ज्या प्रक्रियेतून आला तिच्याबद्दल. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये नमुना तपासणीची पद्धत घडवणारे हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी हाच भेद पाळला होता. ग्राहकाचा धोका त्यांनी हातातल्या लॉटवरून मोजला आणि उत्पादकाचा धोका प्रक्रियेवरून. आजच्या मानकांतही त्याचा माग दिसतो. आयएसओ २८५९ चा पहिला भाग एकामागून एक येत राहणाऱ्या लॉटसाठी आहे, आपल्याकडचं आयएस २५०० त्यावरच आधारलेलं आहे. एकट्यादुकट्या लॉटसाठी त्याच मानकाचा वेगळा दुसरा भाग आहे. एकदाच आलेल्या २० कास्टिंग्जना पहिल्या भागातला तक्ता लावणं ही नेहमी दिसणारी चूक.

फाउंड्रीच्या बाबतीत हायपरजॉमेट्रिकच्या बाजूचं आणखी एक कारण आहे. ब्लो होल एकेकटे येत नाहीत. एखाद्या लॅडलमधला धातू गॅसने बिघडलेला असला, की त्यातून ओतलेले तीन-चार नग ओळीने सदोष निघतात. एका नगाचा दुसऱ्यावर परिणाम नाही हे बायनॉमियलचं गृहीतक तिथेच कोसळतं. हायपरजॉमेट्रिकला सदोष नग कसे तयार झाले याच्याशी देणंघेणं नाही. त्याची अट एकच, लॉटमधल्या पाच नगांच्या प्रत्येक संचाला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळाली पाहिजे. मात्र ही अट कडक आहे. क्रेटच्या वरच्या थरातले, हाताला लागतील ते पाच नग घेतले आणि ते पाचही एकाच लॅडलचे निघाले, तर वरच्या २८ टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. नगांवर १ ते २० क्रमांक टाकून चिठ्ठ्यांनी किंवा यादृच्छिक आकड्यांनी पाच निवडणं हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि सगळं गणित त्यावरच उभं आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. ‘एका लॉटमध्ये २० टक्के वस्तू सदोष आहेत’ एवढंच लिहून थांबू नका. लॉट किती नगांचा आहे ते लिहा, किंवा प्रक्रियेचा दर दिला आहे असं स्पष्ट सांगा. आणि तपासणी अहवाल भरणाऱ्यांनी ‘५ तपासले, ५ पास’ याच्या शेजारी लॉटचा आकार आणि नग कसे निवडले हे दोन रकाने रिकामे सोडू नयेत.