गप्प नवरा
नोकरी गेल्यापासून नवरा तुटक वागतो, म्हणजे त्याचं मन उडालं का? आधी बघावं, तो फक्त बायकोपासून दूर झालाय की सगळ्यांपासूनच. क्रिकेट, मित्रांचे फोन, आवडती मिसळ, सगळंच नकोसं झालं असेल तर ते बहुधा दुःख. पण ही खूण फसवूही शकते. टपरीवर हसणारा माणूस घरी गप्प होतो, कारण थकलेला हप्ता बायकोलाच ठाऊक असतो आणि तिच्या नजरेला नजर देताना लाज वाटते. (लाजेचं रूपांतर चिडचिडीत व्हायला वेळ लागत नाही.) दुःखात अधूनमधून तरी जुनी जवळीक डोकावते: न विचारता तिच्यासाठी चहा टाकला जातो. नवी नोकरी लागून महिने उलटले तरी तेवढंही दिसलं नाही, तर नात्याबद्दल सरळ विचारावं.