रिझ्युमेचं गुणांकन, लेखांक ५ : घड्याळाचे गुण बेरजेत धरू नका

मागच्या लेखात आपण कौशल्य आणि अनुभव यांना गुण कसे द्यायचे ते पाहिलं. घरून करायच्या अर्धवेळ कामात आणखी एक बाब येते, ती म्हणजे उमेदवार नेमका कधी मोकळा आहे. बहुतेक गुणतक्त्यांमध्ये या बाबीला शंभरापैकी दहा गुण देऊन ती शेवटच्या रकान्यात टाकलेली असते. निवड बिघडते ती नेमकी तिथे.

एक उदाहरण धरू. न्यूयॉर्कच्या एका कंपनीला ग्राहक-मदतीसाठी भारतातून अर्धवेळ माणूस हवा आहे. काम आठवड्याला २० तासांचं. त्यातही सोमवार ते शुक्रवार, तिथल्या सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतले रोज किमान ३ तास तरी उमेदवार कामावर हवा, कारण फोन आणि बैठका तेव्हाच होतात.

पुण्याच्या उमेदवाराला कौशल्य आणि अनुभवाचे ९० पैकी ८२ गुण मिळाले. तो दुपारी ३ ते ७ मोकळा आहे. नाशिकच्या उमेदवाराला मिळाले ६८, आणि ती संध्याकाळी ६ ते १० काम करू शकते. उपलब्धतेचे गुण दहापैकी धरले, पुण्याला शून्य आणि नाशिकला पूर्ण दहा दिले, तरी बेरीज ८२ आणि ७८ होते. यादीत पहिला येतो तो पुण्याचा उमेदवार, जो न्यूयॉर्कचं कार्यालय उघडल्यावर जेमतेम अर्धा तास भेटेल. कौशल्य कितीही असलं तरी ही उणीव त्यातून भरून निघत नाही. म्हणून सामाईक वेळ ही आधीची अट ठेवावी. ती पूर्ण करणाऱ्यांचेच गुण मोजावेत आणि त्या गुणांत घड्याळाला वेगळा वाटा देऊ नये. ३ तासांची गरज असताना कुणी ६ तास देत असेल, तर तो दुप्पट योग्य ठरत नाही.

आता ती वेळ मोजायची कशी ते पाहू. दोन्ही बाजूंच्या वेळा एकाच घड्याळात आणा. मग जी सुरुवात उशिराची आणि जो शेवट लवकरचा, त्यांच्यामधला काळ म्हणजे सामाईक वेळ. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथले सकाळचे ९ हे आपले संध्याकाळचे ६.३०. नाशिकच्या उमेदवाराचे ६.३० ते १० असे साडेतीन तास जुळतात आणि अट पूर्ण होते.

पण अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात, आपल्याकडे बदलत नाहीत. २०२६ मध्ये तिथली घड्याळं ८ मार्चला एक तास पुढे जातात आणि १ नोव्हेंबरला मागे येतात. नोव्हेंबरपासून फरक साडेदहा तासांचा होतो, कार्यालय आपल्या ७.३० ला उघडतं आणि तिची सामाईक वेळ अडीच तासांवर येते. एप्रिलमध्ये नेमलेला माणूस नोव्हेंबरात बैठका संपण्याआधीच निघू लागला, तर कामचुकार म्हणण्याआधी हे तपासावं. गुण देताना दोन्ही ऋतूंचा हिशेब करावा आणि कमी भरेल तो आकडा धरावा.

या हिशेबाने नाशिकची उमेदवार अर्ध्या तासाने अडते. इतक्या थोडक्यासाठी नाव खोडू नये, विचारावं. ६ ते १० ऐवजी ६.३० ते १०.३० जमेल का? जमत असेल तर हिवाळ्यातही ३ तास भरतात आणि आठवड्याचे २० तासही कायम राहतात. पुण्याच्या उमेदवारालाही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही, पण त्याला आपली वेळ थेट रात्रीकडे सरकवावी लागेल.

मुळात रिझ्युमेवर यातलं फारसं काही लिहिलेलं नसतं. पत्ता असतो, आणि पत्त्यावरून वेळ कळत नाही. नाशिकचाच दुसरा कुणी पहाटे २ पर्यंत आनंदाने काम करेल. म्हणून माहिती नसेल तिथे शून्य लिहू नका, ‘विचारायचे’ असा शेरा मारा. ‘केव्हाही उपलब्ध’ असं लिहिलेलं असेल आणि त्याच रिझ्युमेवर चालू पूर्णवेळ नोकरीही दिसत असेल, तरी हाच शेरा. प्रश्न उमेदवाराच्या स्वतःच्या घड्याळातच विचारा : नोव्हेंबर ते मार्च धरून, सोमवार ते शुक्रवार कोणत्या वेळेत तुम्ही नक्की काम करू शकाल? त्या वेळेतच का, हे विचारू नका. लग्न, मुलं, सासर यांचा गुणांशी काहीही संबंध नाही, आणि ती चौकशी सुरू झाली की तिचा फटका बहुतेक वेळा स्त्रियांनाच बसतो.

अशा कामासाठी तुम्ही स्वतः अर्ज करत असाल, तर नावाखालीच एक ओळ घाला : ‘सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ६.३० ते रात्री १०.३०, भारतीय वेळ, वर्षभर.’ वेळेसोबत ‘भारतीय’ हा शब्द पूर्ण लिहा. नुसतं IST लिहिलं तर आयर्लंड किंवा इस्रायलची वेळ असाही त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो.