बोल्टावरचे आटे आणि चार गिअर्सचा हिशोब

लेथवर एम-१२ बोल्टाचे आटे पाडायचे असले, की टर्नरला एक आकडा नेमका साधावा लागतो: १.७५ मिलिमीटर. ही या बोल्टाची पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर. स्पिंडलमध्ये धरलेला जॉब एक फेरा फिरेल, तेवढ्यात हत्यार बरोबर एवढंच सरकलं पाहिजे. हत्याराला ओढून नेतो तो लीड स्क्रू. त्याची पिच ६ मिलिमीटर असेल, तर त्याच्या एका फेऱ्यात हत्यार ६ मिलिमीटर जातं. म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्यामागे लीड स्क्रूने १.७५ ÷ ६ इतकाच फेरा मारायचा. अपूर्णांक काढून टाकले तर हे गुणोत्तर ७ ÷ २४ होतं. स्पिंडलचे २४ फेरे, लीड स्क्रूचे ७.

लेथच्या डाव्या टोकाचं झाकण उघडलं, की हे गुणोत्तर बसवायची जागा दिसते. तिथल्या चेंज गिअर्सची आकृती म्हणजे एकमेकांना टेकलेली वर्तुळं आणि त्यांत लिहिलेली दात्यांची संख्या. आपल्या आकृतीत वर ३५ दात्यांचा गिअर आहे. तो स्पिंडलबरोबर, त्याच दिशेने आणि त्याच वेगाने फिरतो असं धरू. तो ६० दात्यांच्या गिअरला फिरवतो. त्या ६० च्याच शाफ्टवर ४० दात्यांचा गिअर पक्का बसवलेला आहे, आणि हा ४० चा गिअर लीड स्क्रूवरच्या ८० ला फिरवतो.

आता स्पिंडल २४ वेळा फिरवून पाहू. ३५ च्या गिअरचे २४ फेरे म्हणजे ८४० दाते पुढे सरकले. समोरच्या गिअरचेही ८४० च दाते सरकणार, कारण दात्यात दाता अडकलेला आहे. ८४० ला ६० ने भागलं, की मधल्या शाफ्टचे १४ फेरे निघतात. ४० चा गिअर त्याच शाफ्टवर असल्याने त्याचेही १४ च. म्हणजे ५६० दाते, आणि ८० ने भागून लीड स्क्रूचे ७ फेरे. हत्यार ७ गुणिले ६, म्हणजे ४२ मिलिमीटर सरकलं. २४ आट्यांना १.७५ प्रमाणे हवेत तेवढेच. हेच एका ओळीत मांडायचं तर फिरवणाऱ्या गिअर्सचा गुणाकार वर आणि फिरणाऱ्यांचा खाली:

(३५ × ४०) ÷ (६० × ८०) = ७ ÷ २४

नवशिके हमखास अडखळतात ते ६० आणि ४० च्या जोडीपाशी. आकृतीत ती दोन वर्तुळं एकावर एक दिसतात, म्हणून त्यांच्यातही दाते अडकलेत असं समजून पुन्हा भागाकार केला जातो. प्रत्यक्षात ती दोन्ही एकाच शाफ्टची आहेत. त्यांचे फेरेही सारखे आणि दिशाही एकच.

दिशेचा नियम त्याहून सोपा. बाहेरून दाते असलेले दोन गिअर्स जिथे अडकतात, तिथे दिशा उलटते. म्हणून गाठी मोजायच्या. इथे ३५–६० ही एक गाठ आणि ४०–८० ही दुसरी. दोनदा उलटली म्हणजे पुन्हा मूळचीच. डाव्या टोकाकडून पाहताना स्पिंडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर लीड स्क्रूही तसाच फिरेल.

याला महत्त्व आहे ते असं: लीड स्क्रू स्वतः उजव्या आट्यांचा असतो, तेव्हा तो स्पिंडलच्याच दिशेने फिरला तर जॉबवर उजवे आटे पडतात, उलट फिरला तर डावे. सायकलच्या डाव्या पेडलला डावेच आटे लागतात. तशा कामासाठी ४० आणि ८० च्या मध्ये आणखी एक गिअर घालता येतो, ज्याला आयडलर म्हणतात. तो ५० दात्यांचा असो की ६५ चा, ४० कडून जेवढे दाते घेतो तेवढेच ८० ला देतो, म्हणून गुणोत्तर तसूभरही बदलत नाही. वाढते ती फक्त एक गाठ. गाठी तीन झाल्या, की शेवटचा शाफ्ट उलट फिरतो. (अनेक लेथवर हीच सोय हेडस्टॉकवरच्या एका दांड्यात दिलेली असते.)

गिअर्स लावताना ६० आणि ८० ची अदलाबदल झाली तरी चालतं, कारण दोन्ही भागाकारात खालीच आहेत. पण ४० च्या जागी चुकून ४५ चा चढवला, तर पिच जवळजवळ १.९७ मिलिमीटर होते. एका आट्याकडे पाहून एवढा फरक डोळ्याला सहज कळत नाही. नट मात्र थोडा चढून घट्ट होतो. म्हणून खोल काप घेण्याआधी हत्यार नुसतं टेकवून जॉबवर बारीक रेघ ओढून घेतात आणि पट्टीने सलग दहा अंतरं एकत्र मोजतात. ४० चा गिअर असेल तर ती १७.५ मिलिमीटर भरतात, ४५ चा असेल तर १९.७ च्या आसपास.